दरात मुरलेलं कमिशन

पुण्या-नाशिकहून जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या घरी एक आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो: ११,९०४ युरो. जर्मन व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावाने 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये एवढी रक्कम आधीच भरून दाखवावी लागते. महिन्याला ९९२ युरो खर्चायचे, असा वर्षभराचा तो हिशेब आहे आणि सप्टेंबर २०२४ पासून तो लागू झाला. युरोचा हा आकडा पक्का असतो. त्यासाठी किती रुपये मोजायचे, हे मात्र ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो. एक बँक म्हणते १०३.६० चा दर, वर काही नाही, कमिशन शून्य. दुसरीकडे दर १०२ चा, पण पंधराशे रुपये शुल्क आणि त्यावर जीएसटी. पहिल्या ठिकाणी शुल्क नाही म्हणून मन तिकडे ओढ घेतं, आणि तिथेच पाणी मुरतं.

परकीय चलन विकणाऱ्याला कमाई करायला दोन जागा असतात. एक शुल्काची, जी पावतीवर छापलेली दिसते. दुसरी खुद्द दराची, जी पावतीवर कुठेच वेगळी दिसत नाही. दर १०३.६० लिहिलेला असतो, पण त्यातले मूळ किती आणि वर चढवलेले किती हे लिहिलेलं नसतं. ते शोधायचं तर हातात एक तिसरा आकडा लागतो, ज्याच्याशी आपल्याला सांगितलेला दर ताडून बघता येईल. तो आकडा म्हणजे मिड-मार्केट रेट. त्याला आपण मधला दर म्हणू.

बँका आपापसात चलनाची देवघेव करतात तिथे कुठल्याही क्षणी दोन भाव चालू असतात. एक, ज्या भावाने घ्यायला कुणी तयार आहे तो, आणि दुसरा, ज्या भावाने द्यायला कुणी तयार आहे तो. समजा युरो १०१.१८ ला घेणारे आहेत आणि १०१.२२ ला देणारे आहेत. या दोहोंच्या बरोबर मधोमध १०१.२० येतो, तो मधला दर. गुगलवर युरो-रुपया शोधल्यावर किंवा चलन बदलून दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर जो आकडा दिसतो तो साधारण हाच. या दराने प्रत्यक्षात आपल्याला सहसा कुणी युरो देत नाही. वाशीच्या घाऊक बाजारातला कांद्याचा भाव पेपरात वाचून गल्लीतल्या गाडीवर त्याच भावाने कांदा मागितला तर गाडीवाला हसेल, तसंच. पण गाडीवाल्याने वर किती चढवले हे कळायला तो वाशीचा भाव लागतोच.

युरोच्या बाबतीत एक बारकावा आहे. युरो आणि रुपयाचा थेट बाजार पातळ आहे. बँका आधी रुपयाचे डॉलर करतात, मग डॉलरचे युरो. त्यामुळे युरोचा मधला दर हा दोन दरांचा गुणाकार असतो. डॉलर ८८ रुपयांना असेल आणि एक युरो १.१५ डॉलरचा असेल, तर ८८ गुणिले १.१५ म्हणजे १०१.२०. पडद्यावरच्या आकड्याची शंका आली तर हा गुणाकार करून बघावा. (या लेखातले सगळे दर उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपण मोजाल त्या दिवशीचे घ्यावेत, पद्धत तीच राहते.)

आता मुख्य हिशेब. सांगितलेल्या दरातून मधला दर वजा करायचा, जे उरेल त्याला मधल्या दराने भागायचं आणि शंभराने गुणायचं. १०३.६० वजा १०१.२० म्हणजे २.४०. त्याला १०१.२० ने भागलं की ०.०२३७, म्हणजे २.३७ टक्के. शून्य कमिशनवाल्या बँकेचं खरं कमिशन ते हे. दुसऱ्या ठिकाणी १०२ वजा १०१.२० म्हणजे ०.८०, भागिले १०१.२०, म्हणजे ०.७९ टक्के. भागताना मधला दरच घ्यायचा, सांगितलेला नाही. १०३.६० ने भागलं तर २.३२ येतात. फरक किरकोळ वाटतो, पण दोन ठिकाणं ताडताना दोन्हीकडे छेद एकच असला पाहिजे, आणि मार्कअप, म्हणजे दरात वर चढवलेला हिस्सा, जितका मोठा तितकी ही चूकही वाढत जाते.

टक्क्यांत २.३७ हा आकडा निरुपद्रवी दिसतो, म्हणून तो रुपयांत करून बघावा. ११,९०४ युरो मधल्या दराने १२,०४,६८५ रुपयांचे होतात. १०३.६० ने ते १२,३३,२५४ होतात. फरक २८,५७० रुपयांचा. पावतीवर 'कमिशन: ०' लिहिलेलं असताना एवढे गेले. दुसरीकडे दरातून गेले ९,५२३ रुपये, आणि शुल्काचे १,५०० अधिक त्यावरचा १८ टक्के जीएसटी २७० असे १,७७०. मिळून ११,२९३.

इथे आणखी एक जीएसटी येतो, चलन बदलून देण्याच्या सेवेवरचा. तो पूर्ण रकमेवर लागत नाही. कायद्याने सेवेची एक मानीव किंमत ठरवून दिली आहे. एक लाख रुपयांपर्यंत रकमेच्या १ टक्का, पण किमान २५० रुपये. एक ते दहा लाखांच्या मध्ये १,००० रुपये आणि लाखाच्या वरच्या रकमेचा अर्धा टक्का. दहा लाखांच्या पुढे ५,५०० रुपये आणि वरच्या रकमेचा ०.१ टक्का, कमाल ६०,०००. या मानीव किमतीवर १८ टक्के. पहिल्या बँकेचा व्यवहार १२,३३,२५४ चा, म्हणून किंमत ५,५०० अधिक २३३, आणि जीएसटी १,०३२ रुपये. दुसरीकडे तो १,०२९ येतो. दोन्हीकडे जवळपास सारखाच, त्यामुळे तुलनेत तो काही बिघडवत नाही, पण खिशातून जातो म्हणून धरायचा.

टीसीएसची, म्हणजे बँक आगाऊ कापून घेते त्या कराची, गोष्ट निराळी. एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर रक्कम बाहेर पाठवली की बँक वरच्या भागावर टीसीएस कापते (शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर नाही). तो आयकर विवरणपत्रात वळता होतो. पैसे काही महिने अडकतात हे खरं, पण तो मार्कअपच्या हिशेबात मिसळायचा नाही. मिसळला तर सगळ्याच बँका उगाच महाग दिसायला लागतात आणि खरा मार्कअप कळत नाही.

दर, शुल्क, जीएसटी असं वेगवेगळं मोजत बसण्यापेक्षा एक सोपा मार्ग आहे. टीसीएस सोडून आपल्या खात्यातून एकूण किती रुपये गेले, ते समोर प्रत्यक्ष किती युरो जमा झाले त्याने भागायचं. जो दर येईल तो खरा पडलेला दर. दुसऱ्या ठिकाणी १२,१४,२०८ अधिक १,७७० अधिक १,०२९, म्हणजे १२,१७,००७. भागिले ११,९०४, म्हणजे १०२.२४. मधल्या दरापेक्षा १.०२ टक्के जास्त. पहिल्या ठिकाणी अशाच रीतीने २.४६ टक्के. दोहोंत १७,२८० रुपयांचं अंतर पडलं, आणि ते शून्य कमिशनवाल्याच्या विरोधात पडलं.

या भागाकारात 'प्रत्यक्ष जमा झाले' हे शब्द जपून वापरले आहेत. स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेने पाठवलेली रक्कम वाटेत एखाद्या मध्यस्थ बँकेतून जाते आणि ती बँक आपला हिस्सा कापून घेऊ शकते. अर्जात शुल्क कुणी सोसायचं याचा पर्याय असतो: 'ओयूआर' म्हणजे सगळं पाठवणाऱ्याने, 'एसएचए' म्हणजे वाटून. वाटून निवडलं आणि वाटेत वीस युरो कापले गेले तर ११,८८४ च पोचतात. मग दुसऱ्या ठिकाणचा खरा दर १०२.४१ होतो आणि मार्कअप १.०२ वरून १.१९ टक्क्यांवर जातो. ब्लॉक्ड अकाउंटच्या बाबतीत त्याहून मोठी पंचाईत अशी की ११,९०४ चा आकडा पुरा भरत नाही, आणि राहिलेले वीस युरो पाठवायला पुन्हा अख्खं शुल्क भरावं लागतं. इथे 'ओयूआर' घ्यावं, त्याचे जास्तीचे रुपये आधी विचारून भागाकारात धरावेत.

म्हणून शुल्क घेणारा नेहमीच स्वस्त, असाही निष्कर्ष काढू नये. शुल्क ठरावीक असतं, मार्कअप रकमेबरोबर वाढतो. तोच विद्यार्थी तिकडे गेल्यावर त्याला दोनशे युरो पाठवायचे असतील, तर पहिल्या बँकेत दरातून ४८० रुपये जातात. दुसरीकडे दरातून १६० आणि शुल्काचे १,७७०, मिळून १,९३०. इथे शून्य कमिशनवाला बाजी मारतो. कुठल्या रकमेला पारडं फिरतं ते काढायला शुल्काला दोन्ही दरांमधल्या फरकाने भागायचं: १,७७० भागिले १.६०, म्हणजे सुमारे १,१०६ युरो. त्याच्या आत पहिली बँक, त्याच्या वर दुसरी.

हे गणित चौथी-पाचवीतलं आहे. चुका होतात त्या गणितात नाही, तर कुठला मधला दर कुठल्या वेळेचा घेतला त्यात. आपल्याकडे एफबीआयएल ही संस्था रोज डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे संदर्भ दर जाहीर करते. पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक करायची, जुलै २०१८ पासून ते या संस्थेकडे आलं. हा दर सकाळी साडेअकरा ते साडेबारा यांमधल्या बाजारावरून ठरतो आणि दुपारी जाहीर होतो. अधिकृत आहे, पण तो त्या तासाचा आहे. समजा त्या दिवशी संदर्भ दर १००.९५ निघाला आणि चार वाजेपर्यंत बाजार १०१.२० वर गेला. चार वाजता बँकेने १०२ सांगितले आणि आपण ते दुपारच्या दराशी ताडले, तर मार्कअप ०.७९ ऐवजी १.०४ टक्के येतो. बँकेवर उगाच आळ. बाजार तेवढाच उलटा फिरला असेल तर मार्कअप ०.५४ टक्केच दिसेल आणि आपण खूश होऊन सही करू. मार्कअप पाच-सहा टक्के असेल तेव्हा हा पाव टक्का कुणी मोजत नाही. पण एका टक्क्याच्या आतले दोन देकार ताडायचे असतील तर दोघांचे दर आणि मधला दर पाच मिनिटांच्या आत टिपले पाहिजेत. फोनवर दर विचारला की त्याच क्षणी पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. आज एका बँकेचा आणि उद्या दुसरीचा दर घेऊन ते एकमेकांशी ताडण्याला अर्थ नाही. प्रत्येकाचा मार्कअप त्याच्या त्याच्या क्षणाच्या मधल्या दरावर काढला, तर मात्र ते टक्के दुसऱ्या दिवशीही ताडता येतात. टक्क्यांत मोजण्याचा खरा फायदा तो.

शनिवार-रविवारी बाजार बंद असतो. पडद्यावर शुक्रवारचाच आकडा थिजलेला असतो आणि सोमवारी तो कुठे उघडेल हे कुणालाच माहीत नसतं. त्या दोन दिवसांत चलन देणारा स्वतःच्या बचावासाठी दर जरा फुगवून सांगतो. रविवारी मोजलेला मार्कअप मोठा आला तर तो सोमवारी दुपारी पुन्हा मोजावा.

स्प्रेडशीट वापरणाऱ्यांना गुगल शीट्समध्ये हे सोपं करता येतं. पहिल्या खणात मधला दर, दुसऱ्यात खात्यातून गेलेले एकूण रुपये, तिसऱ्यात पोचलेले युरो, आणि चौथ्यात उत्तर टक्क्यांत:

```
B1: =GOOGLEFINANCE("CURRENCY:EURINR")
B2: 1217007
B3: 11904
B4: =(B2/B3-B1)/B1*100
```

पहिल्या खणातला दर काही मिनिटं जुना असू शकतो आणि तो आपोआप बदलत राहतो. म्हणून देकार मिळाला की तो आकडा तिथे हाताने लिहून पक्का करावा, नाहीतर संध्याकाळी उघडल्यावर उत्तर भलतंच दिसतं.

दुसरी चूक दिशेची. आपण चलन विकत घेतो तेव्हा सांगितलेला दर मधल्या दराच्या वर असतो. विकतो तेव्हा खाली, आणि तिथे वजाबाकी उलटी करायची. कोकणातल्या कितीतरी घरांत पैसे आखातातून येतात, त्यांना हे रोजचं आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून त्याचा मधला दर काढायला डॉलरच्या रुपयांना ३.६७२५ ने भागलं की झालं. ८८ भागिले ३.६७२५ म्हणजे २३.९६. दुबईतल्या एक्स्चेंज हाऊसने २३.७२ सांगितले, तर २४ पैसे त्याने ठेवले, म्हणजे १ टक्का. पण काही ठिकाणी दर उलटा सांगतात, 'हजार रुपयांना ४२.१६ दिरहम'. मधल्या दराने हजार रुपयांना ४१.७४ दिरहम पडतात. इथे मोठा आकडा पाठवणाऱ्याच्या तोट्याचा आहे, आणि दोन पाट्या वाचताना घोळ होतो तो इथेच. हजाराला त्या आकड्याने भागून दर सरळ करून घ्यावा: १,००० भागिले ४२.१६, म्हणजे पुन्हा २३.७२. येनचा दर आपल्याकडे शंभर येनला सांगतात, तेवढं लक्षात असलं म्हणजे पुरे.

तिसरी चूक नोटांच्या बाबतीत. बँकेच्या दरपत्रकात एकाच चलनापुढे बरेच रकाने असतात: टीटी खरेदी, टीटी विक्री, बिलांचे वेगळे, नोटांचे वेगळे. परदेशी पाठवायच्या पैशाला टीटी विक्रीचा दर लागतो. नोटा घ्यायच्या तर त्यांचा, आणि तो जास्त वाईट असतो, कारण नोटा आणणं, सांभाळणं, विमा, पडून राहणं हे सगळं त्यात येतं. विमानतळावर समजा युरोच्या नोटा १०७ ला विकतात आणि ९४ ला घेतात. काही जण या दोहोंची सरासरी, १००.५०, हाच मधला दर धरतात. दुकानदाराने दोन्हीकडे सारखंच अंतर ठेवलं असतं तर ते चाललं असतं, पण तसं बंधन त्याच्यावर नाही. खरा मधला दर १०१.२० असताना घेणाऱ्याकडून तो ५.७ टक्के काढतो आहे आणि उरलेल्या नोटा परत करणाऱ्याकडून ७.१. मधला दर दुकानाच्या पाटीवरून कधीही काढू नये, तो बाहेरूनच आणावा.

परदेशात कार्ड चालवताना मशीन विचारतं, रुपयांत द्यायचे की युरोत? पडद्यावर रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून बोट तिकडे जातं. ८० युरोच्या बिलाचे ८,५८० रुपये दाखवले तर दर पडला १०७.२५, म्हणजे जवळपास ६ टक्के वर. युरो निवडले असते तर आपल्या बँकेचा मार्कअप लागला असता. भारतीय कार्डांवर तो बहुधा ३.५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा असतो, म्हणजे ४.१३ टक्के, आणि काही कार्डांवर बराच कमी. युरोपीय संघाने एप्रिल २०२० पासून या मशीनवाल्यांना सक्ती केली आहे की कार्डधारकाच्या चलनाचा पर्याय देताना तो युरोपियन सेंट्रल बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के वर आहे हे दाखवलं पाहिजे. जिथे मशीन हा आकडा दाखवतं तिथे भागाकार करायचंही काम नाही. मात्र तो आकडा बारीक अक्षरांत असतो आणि 'ओके'चं बटण मोठं.

आपल्याकडेही हाच हिशेब कायद्याच्या पुस्तकात आहे. चलन बदलण्याच्या सेवेची किंमत ठरवायची जीएसटी नियम ३२ मधली पहिली पद्धत अशी: व्यवहाराचा दर आणि रिझर्व्ह बँकेचा त्या वेळचा संदर्भ दर यांतला फरक, गुणिले चलनाची रक्कम. वर सांगितलेली टप्प्यांची पद्धत हा त्याला दिलेला पर्याय. पहिल्या बँकेने हा फरकाचा मार्ग धरला असता, तर १०३.६० वजा १००.९५, गुणिले ११,९०४, म्हणजे सेवेची किंमत ३१,५४६ रुपये आणि जीएसटी ५,६७८ लागला असता. टप्प्यांच्या पद्धतीने तो १,०३२ वर भागला. ग्राहकाचे साडेचार हजार वाचले हे खरं, पण पावतीवरून तो फरकाचा आकडाही गेला.

बँकेशी बोलताना 'तुमचं कमिशन किती' असं विचारलं तर उत्तर शुल्काचं मिळतं. 'माझ्या खात्यातून एकूण किती जातील आणि तिकडे किती युरो जमा होतील' असं विचारावं आणि दोन्ही आकडे लेखी मागावेत. मग मधल्या दरावर आपला आकडा काढून शाखेतल्या फॉरेक्सच्या माणसाला सांगावा की तुमचे २.३७ टक्के पडताहेत, दुसरीकडे ०.७९ चा देकार आहे. दरपत्रकावरचा दर लहान रकमांसाठी असतो. दहा-बारा लाखांच्या व्यवहारात बऱ्याच शाखा ट्रेझरीला फोन करून वेगळा दर आणून देऊ शकतात, पण मागितल्याशिवाय क्वचितच. डॉलरच्या बाबतीत तर ऑगस्ट २०१९ पासून एफएक्स-रिटेल नावाचा मंच आहे. तिथे बँकेमार्फत नोंदणी केलेल्या साध्या ग्राहकाला बाजारातल्या दराने डॉलर मिळतात आणि बँक आपलं शुल्क त्यावर वेगळं लावते. तिथे दर वेगळा आणि शुल्क वेगळं दिसतं, त्यामुळे वजाबाकी करायला फारसं काही उरत नाही. अमेरिकेला फी भरणाऱ्यांनी ए-२ या परदेशी पैसे पाठवण्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी आपली बँक त्या मंचावर आहे का, एवढं विचारून घ्यावं.